विसर्जनाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या चॅनेलवर दिसला तर: आधी काय बघायचं, मग काय करायचं

दरवर्षी अनंत चतुर्दशी झाली की पुढचे दोन-तीन आठवडे माझं हेच काम असतं. मी ढोल-ताशा पथकांचे व्हिडिओ करते. जुलैपासून नदीपात्रातला सराव, मग आगमन, मग लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक. एका वर्षी एकाच व्हिडिओच्या नऊ प्रती सापडल्या होत्या, आणि त्या सगळ्या काढून झाल्यावर दहावी आली. ओळखीच्या चार-पाच चॅनेलांचंही हेच झाल्यामुळे त्यांचे अर्जही मीच भरून दिले. त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहिते. सगळं यूट्यूबबद्दल आहे, कारण आमचा त्रास मुख्यतः तिथलाच आहे.

लक्षणं

सगळ्यात आधी कमेंटमध्ये कळतं. कुणीतरी लिहितं, 'हे तर अमक्या चॅनेलवर पाहिलं.' किंवा एखाद्या पथकातला मुलगा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवतो आणि विचारतो, 'ताई, हे तुमचं नवं चॅनेल का?' दुसरं लक्षण आकड्यांत दिसतं. मिरवणुकीच्या व्हिडिओला पहिले तीन-चार दिवस भरपूर लोक येतात आणि मग ते कमी होतात, हे दरवर्षीचं आहे. पण दुसऱ्याच दिवशी शोधातून येणारे लोक एकदम आटले आणि पथकाचं नाव टाकून शोधल्यावर आपल्या वरती दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ दिसला, तर तो उघडून बघायचा. तिसरं लक्षण यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर असतं: कॉपीराइटच्या विभागात 'मॅच' म्हणून नोंद येते.

चौथं लक्षण सगळ्यात संतापजनक. आपल्याच मूळ व्हिडिओवर कुणीतरी कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेतला, दावा ठोकलेला असतो. हे कसं होतं? आपल्या व्हिडिओतला ढोल-ताशाचा आवाज कुणी वेगळा काढतो, त्याला 'गजर २' असं काहीतरी नाव देतो आणि गाणी वितरित करणाऱ्या एखाद्या सेवेमार्फत ते स्वतःचं गाणं म्हणून चढवतो. मग यंत्रणेला तोच आवाज आपल्या व्हिडिओत सापडतो आणि ती आपल्यालाच चोर ठरवते. याचा उपाय वेगळा आहे, शेवटाकडे लिहिला आहे.

यातलं काही दिसलं की लगेच तक्रारीच्या अर्जाकडे धावू नका. खाली दिलेला क्रम फुकट आणि सोप्या तपासणीपासून सुरू होतो. पहिल्या दोन पायऱ्यांतच निम्मी प्रकरणं मिटतात किंवा आपली नसतात असं कळतं.

पहिली तपासणी: तो व्हिडिओ खरंच आपला आहे का?

विचित्र वाटेल, पण मिरवणुकीच्या बाबतीत हा प्रश्न खरा आहे. अलका चौकात एका वेळी शेकडो मोबाइल वर असतात. तेच पथक, तोच ध्वज, तोच ठेका, तोच क्षण. मिरवणूक कुणाच्याच मालकीची नाही. माझा हक्क फक्त मी केलेल्या रेकॉर्डिंगवर आहे. शेजारी उभ्या असलेल्याने त्याच कोनातून केलेलं रेकॉर्डिंग त्याचं.

ही चूक मी स्वतः केली आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मी शूट करत होते, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर एक कॉलेजचा मुलगा मोबाइलवर तेच घेत होता. दोन दिवसांनी त्याचा व्हिडिओ दिसला. समोरच्या दुकानांच्या पाट्या त्याच, पथक तेच, आवाज तोच. मी तक्रार केली आणि त्याचा व्हिडिओ गेला. त्याने मेल करून मूळ फाइल पाठवली तेव्हा कळलं. त्याच संध्याकाळी मी तक्रार मागे घेतली आणि त्याच्या चॅनेलवर बसलेली स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबने चॅनेलविरुद्ध केलेली शिक्षेची नोंद, निघाली. पण तोपर्यंत बिचाऱ्याचा पहिला व्हिडिओ उडालेला होता. खोटी तक्रार अमेरिकन कायद्यानुसार, आणि यूट्यूबची ही पद्धत त्याच कायद्यावर उभी आहे, नुकसानभरपाईपर्यंत नेऊ शकते. जाणूनबुजून केलेली नसली तरी समोरच्याचं नुकसान व्हायचं ते होतंच.

तेव्हापासून मी पाट्या आणि पथक बघत नाही. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून काय जातं ते बघते. गॅलरीच्या कठड्यावर आलेला कुणाचा हात, मध्येच वर गेलेली छत्री, माझ्या कोपराला धक्का लागून हललेली फ्रेम. लांबच्या गोष्टी दोन कॅमेऱ्यांत सारख्या दिसतात, जवळच्या कधीच नाहीत. एका वर्षी पावसाचा एक थेंब लेन्सवर पडला आणि चाळीसेक सेकंद डाव्या वरच्या कोपऱ्यात राहिला. मी पुसला तेव्हा तिथे धुरकट डाग झाला. तो डाग जगात दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डिंगमध्ये असणं शक्य नाही.

उचललेला व्हिडिओ बऱ्याचदा आरशासारखा उलटा केलेला असतो, म्हणजे यंत्रणेच्या जुळणीत तो सापडू नये. तेव्हा पाट्यांवरची अक्षरं बघा, ती उलटी दिसतील. पाट्या कापून टाकल्या असतील तर वादक बघा. ज्या पथकात बहुतेकांच्या उजव्या हातात टिपरू असतं, ते अख्खं पथक अचानक डावखुरं झालेलं दिसेल. माझा तो थेंबही अशा प्रतीत उजव्या कोपऱ्यात गेला होता. तुम्ही तुमचा व्हिडिओ कोणत्याही एडिटरमध्ये उलटा करून शेजारी लावा आणि दोन-तीन ठिकाणी थांबवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी तपासणी: आपणच परवानगी दिलेली नाही ना?

स्टुडिओत आपला मूळ व्हिडिओ उघडा, तपशिलाच्या पानावर `Show more` दाबा आणि `License` बघा. तिथे `Standard YouTube License` असायला हवं. कुणी सांगितलं म्हणून किंवा चुकून तिथे `Creative Commons - Attribution` निवडलं असेल, तर आपलं नाव देऊन तो व्हिडिओ पुन्हा टाकायला आपण सगळ्या जगाला परवानगी दिलेली आहे. आता ते बदललं तरी ज्यांनी आधीच घेतलं त्यांच्याकडून ती परवानगी परत घेता येत नाही. नाव दिलेलं नसेल तरच तक्रारीला जागा उरते.

त्याच पानावर शॉर्ट्ससाठी रीमिक्सची परवानगी असते. ती चालू असेल तर दुसरे लोक यूट्यूबच्याच साधनाने आपल्या व्हिडिओचा तुकडा किंवा आवाज घेऊन शॉर्ट बनवू शकतात, आणि त्या शॉर्टवर आपल्या मूळ व्हिडिओची लिंक येते. ही चोरी नाही. नको असेल तर ती परवानगी बंद करा. लिंक नसलेला, फाइल उतरवून पुन्हा चढवलेला शॉर्ट मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

आणखी एक बघायचं: प्रत किती आहे आणि कशासाठी आहे. एखाद्या बातमीत मिरवणुकीविषयी बोलताना माझ्या व्हिडिओतले सात-आठ सेकंद दाखवले असतील तर मी तक्रार करत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये चालू घडामोडींचं वृत्तांकन, टीका आणि समीक्षा यांसाठी सवलत आहे. किती सेकंद चालतात याचा ठरलेला आकडा कुठेही नाही, त्यामुळे '१० सेकंदांपर्यंत चालतं' हे जे लोक सांगतात त्याला आधार नाही. हेतू आणि प्रमाण दोन्ही बघावं लागतं. तीन मिनिटं जशीच्या तशी उचलून वर एक गाणं टाकणं, याला मात्र कुणी समीक्षा म्हणणार नाही.

तिसरं काम: काहीही बोलायच्या आधी नोंद

कमेंट टाकू नका, मेसेज करू नका. आधी नोंद करा. कारण आपण बोललो की समोरचा व्हिडिओ खाजगी करतो, आठवड्याने नाव बदलून परत टाकतो, आणि आपल्याकडे दाखवायला काहीच राहत नाही.

मी एक साधी शीट ठेवते. त्यात प्रतीची लिंक, चॅनेलची लिंक (हँडल बदलता येतं, म्हणून चॅनेलच्या पानाचा स्क्रीनशॉटही), टाकल्याची तारीख, त्या वेळचे व्ह्यूज, आणि माझ्या व्हिडिओतली कोणती वेळ त्यांच्या व्हिडिओत कुठे आहे ते. उदाहरणार्थ, 'माझं २:४० ते ५:४५, त्यांचं ०:०० ते ३:०५, उलटं केलेलं, थेंब उजवीकडे.' ही शेवटची ओळ पुढे अर्जात जशीच्या तशी लागते. स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनचा घ्यायचा, ज्यात पत्ता आणि घड्याळ दोन्ही दिसतं.

चौथं काम: कोण आहे ते बघून बोलायचं

प्रती टाकणारे माझ्या अनुभवात दोन प्रकारचे. एक, ज्यांच्या चॅनेलवर सगळंच दुसऱ्यांचं असतं. त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवत नाही. दुसरे म्हणजे खुद्द पथकं.

एका पथकाने माझा नदीपात्रातल्या सरावाचा अख्खा व्हिडिओ त्यांच्या चॅनेलवर टाकला होता. फोन केला तर पथकप्रमुख अगदी मनापासून म्हणाला, 'ताई, पण व्हिडिओ आमचाच आहे ना, वाजवतोय तर आम्हीच.'

'वाजवलंत तुम्हीच रे. पण कॅमेरा, माइक, दोन रात्री बसून केलेलं एडिटिंग माझं आहे. तुम्ही लिंक शेअर करा ना, हवी तितकी करा.'

तो चुकीचा होता, पण पूर्ण चुकीचा नव्हता, हे समजून घ्या. कायद्याने रेकॉर्डिंगचा हक्क ते करणाऱ्या निर्मात्याचा असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते बनवलं त्याचा. पण सादर करणाऱ्या कलाकारांनाही कलम ३८ पासून पुढे स्वतःचे वेगळे हक्क दिलेले आहेत. म्हणून पथकावर थेट तक्रार टाकणं मला पटत नाही आणि ते शहाणपणाचंही नाही. त्या फोननंतर आम्ही एका कागदावर चार ओळी लिहिल्या: रेकॉर्डिंगला पथकाची संमती आहे, रेकॉर्डिंग माझं आहे, पथकाला ६० सेकंदांपर्यंतचे तुकडे माझ्या नावासह वापरता येतील. दोघांच्या सह्या आणि तारीख. आता दर वर्षी जुलैत हा कागद आधीच होतो, आणि पथकांकडून येणारा त्रास जवळजवळ संपला आहे.

पाचवं काम: जुळणीचं साधन

स्टुडिओतल्या कॉपीराइटच्या विभागात यूट्यूब स्वतःहून प्रती दाखवतं. हे साधन उत्पन्न सुरू असलेल्या चॅनेलांना मिळतं. ज्यांचं उत्पन्न सुरू नाही त्यांनाही, आधी अर्जाने केलेली एखादी तक्रार मान्य झाली असेल तर, ते उघडून मिळू शकतं. लहान चॅनेलवाल्यांनी पहिली तक्रार नीट भरावी, याचं हेही एक कारण.

त्याच्या मर्यादा लक्षात घ्या. ते पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण प्रतीच शोधतं. ३० सेकंदांचा शॉर्ट, उलटा केलेला किंवा कडा कापलेला तुकडा त्यातून निसटतो. शिवाय जो आधी चढवतो तो मूळ, असं धरून ते चालतं. म्हणून एडिट झालेला व्हिडिओ आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा पथकाला 'बघून सांगा' म्हणून पाठवू नका. तिथून उचलून कुणी आपल्या आधी चढवला तर जुळणी उलटी होते. मी आधी यूट्यूबवर चढवते आणि लिंक पाठवते.

निसटलेल्या प्रती हाताने शोधाव्या लागतात. पथकाचं नाव, 'विसर्जन', साल, आणि अपलोडच्या तारखेचा फिल्टर. मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही प्रकारे. चतुर्दशीनंतर तीन आठवडे, रविवारी सकाळी अर्धा तास.

सहावं काम: काढून टाकण्याची मागणी

इथवर येऊन व्हिडिओ आपलाच आहे, परवानगी दिलेली नाही, नोंद झालेली आहे आणि समोरचा पथकातला नाही, असं ठरलं की अर्ज भरायचा. चाहत्यांना 'सगळ्यांनी रिपोर्ट करा' सांगण्यात काही अर्थ नाही. कॉपीराइटची तक्रार फक्त हक्क असणारा किंवा त्याने अधिकार दिलेला माणूसच करू शकतो. शंभर जणांनी स्पॅम म्हणून रिपोर्ट केलं तरी तो वेगळा कप्पा आहे.

त्या थेंबाच्या व्हिडिओची गोष्टच सांगते. माझा व्हिडिओ ११ मिनिटं २० सेकंदांचा. एका चॅनेलने त्यातली तीन मिनिटं उलटी करून टाकली, आणि दोन शॉर्ट वेगळे. जुळणीत एकही दिसला नाही. चॅनेलवर असेच दोनशेच्या वर व्हिडिओ, सगळे वेगवेगळ्या लोकांचे. मी तिन्हींच्या वेगवेगळ्या लिंक एकाच अर्जात दिल्या. फक्त चॅनेलची लिंक देऊन 'यांनी माझे व्हिडिओ चोरले' लिहिलं तर काहीच होत नाही, कारण मागणी विशिष्ट व्हिडिओची असावी लागते. प्रत्येकापुढे माझ्या मूळ व्हिडिओची लिंक आणि दोन्हीकडच्या वेळा. जास्तीच्या माहितीत दोन वाक्यं: प्रत उलटी केली आहे, आणि लेन्सवरचा पाण्याचा डाग मूळ व्हिडिओत २:४० पासून डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे, प्रतीत उजव्या. रागाचा एकही शब्द नाही. तपासणाऱ्या माणसाला ३० सेकंदांत खात्री पटली पाहिजे, एवढाच हिशोब.

अर्जात दोन पर्याय येतात. एकात मागणी लगेच पुढे जाते, आणि मान्य झाली तर समोरच्याला स्ट्राइक बसते. दुसऱ्यात त्याला ७ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात त्याने स्वतःहून व्हिडिओ काढला तर स्ट्राइक बसत नाही. शिकाऊ, अजाण वाटणाऱ्यांना मी मुदत देते. या चॅनेलला दिली नाही, कारण मिरवणुकीच्या व्हिडिओचं सगळं आयुष्यच पहिल्या आठवड्याचं असतं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या की चॅनेल बंद होऊ शकतं, हे समोरच्यालाही माहीत असतं. त्याच अर्जात पुढच्या प्रती रोखण्यासाठी एक खूण करण्याची सोय असते. ती करा, पण तिच्यावर विसंबू नका. तीही जवळजवळ पूर्ण प्रतींनाच अडवते.

नावाबद्दल सावध राहा. हक्कदाराचं जे नाव आपण लिहितो ते काढलेल्या व्हिडिओच्या जागी लोकांना दिसू शकतं, आणि संपर्काचा मेल समोरच्याकडे जाऊ शकतो. सही मात्र खऱ्या पूर्ण नावाचीच लागते. मी या कामासाठी वेगळा मेल ठेवला आहे. मुलींनी तर घरचा नंबर किंवा रोजचा मेल इथे मुळीच देऊ नये.

मालकीचा पुरावा कशाला म्हणायचं

बहुतेक तक्रारी पुरावा न मागताच निकाली निघतात. पण यूट्यूबने उलट प्रश्न विचारला किंवा समोरच्याने 'मीच मूळ' म्हटलं की हात रिकामे असून चालत नाही.

चॅनेलवर आधी चढवल्याची तारीख हा पुरावा आहे, पण कच्चा. एडिट केलेली अंतिम फाइलही कच्चीच, कारण ती कुणीही उतरवू शकतो. फाइलच्या आत लिहिलेली तारीख आणि कॅमेऱ्याचं नाव थोडं बळ देतात, पण ते बदलता येतं आणि व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फाइलमध्ये ते उरतही नाही. पक्का पुरावा म्हणजे कार्डावरच्या न कापलेल्या मूळ फाइल. माझ्या थेंबाच्या प्रसंगात C0147 या फाइलमध्ये थेंब पडायच्या आधीची सव्वा मिनिटं आहेत, मी कापडाने लेन्स पुसते तो क्षण आहे, आणि मागून गॅलरीच्या मालकीणबाई 'अगं चहा घे' म्हणतात तेही आहे. यातलं काहीच मी प्रकाशित केलेलं नाही. चोराकडे फक्त प्रकाशित झालेलं असतं. पुढचं-मागचं त्याच्याकडे असूच शकत नाही. म्हणून त्या फाइल उघड कुठेही टाकू नका, आणि ट्रिम करून जागा वाचवू नका.

शूटनंतर त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि प्रत्येक मूळ फाइलचा हॅश काढून ठेवा. विंडोजवर एवढंच:

```
certutil -hashfile C0147.MP4 SHA256
```

अंकाअक्षरांची एक लांब ओळ येते. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ती ओळ बदलते. ती मी स्वतःला मेल करून ठेवते, म्हणजे त्या तारखेला ही फाइल याच रूपात माझ्याकडे होती हे दाखवता येतं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. तेव्हा ही सवय कामाला येते.

नोंदणीचं काय, हे हमखास विचारलं जातं. हक्क रेकॉर्डिंग झाल्याक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. व्हिडिओ ज्यात मोडतो त्या सिनेमा या वर्गात नोंदणीची फी एका कृतीला ५,००० रुपये आहे. प्रत्येक मिरवणुकीच्या व्हिडिओसाठी ती भरणं परवडणारं नाही. वर्षानुवर्षं चालणारा एखादाच माहितीपट असेल तर करावी, कारण कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते.

दुसरा कॅमेरा मित्राने चालवला असेल तर तिथे आपली बाजू लंगडी पडते. 'तू शूट कर, मी बघतो बाकीचं' एवढ्या बोलण्यावर भांडण उभं राहू शकतं. हक्क दिल्याचं लेखी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून कागदावर 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' हे शब्द आणि किती पैसे दिले ते लिहा.

आपल्याच व्हिडिओवर दावा आला असेल तर

आता वर उल्लेख केलेलं चौथं लक्षण. घाबरून व्हिडिओ काढू नका आणि आवाजही बदलू नका. दाव्याच्या तपशिलात कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत जुळणी सांगितली आहे ते बघा. तिथे ट्रकवर वाजणारं सिनेमाचं गाणं आलं असेल तर दावा बहुधा बरोबर आहे. ते गाणं आपलं नाही. निव्वळ ढोल-ताशा असेल तर हरकत घ्या आणि मूळ रेकॉर्डिंग आपलं आहे, केव्हा आणि कुठे केलं, एवढं लिहा. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप सुटतो. दावा आल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला राखून ठेवलं जातं, म्हणून हे काम दिवाळीनंतरवर ढकलू नका. हरकत फेटाळली तर अपील करता येतं, पण अपिलानंतर दावेदार थेट व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो आणि ती टिकली तर स्ट्राइक आपल्याला बसते. मूळ फाइल हातात असल्याशिवाय अपिलात जाऊ नका.

इथे थांबा आणि वकील गाठा

आपण व्हिडिओ काढायला लावला आणि समोरच्याने प्रतिसूचना दिली, म्हणजे कायदेशीर भाषेत 'काढणं चूक होतं' असं नाव-पत्त्यासह लिहून दिलं, तर ती आपल्याला मेलने येते. त्या दिवसापासून अमेरिकेतले कामाचे १० दिवस मोजायचे. तेवढ्यात आपण कोर्टात दाद मागितल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. इथे आणखी स्क्रीनशॉट पाठवून किंवा लांब मेल लिहून काही बदलत नाही. मी दोनदा तसं करून बघितलं, दोन्ही वेळा व्हिडिओ परत आला. पहिल्याच दिवशी वकिलाला प्रतिसूचना दाखवा, दहाव्या दिवशी नाही. कॉपीराइटच्या दाव्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा पातळीवरच्या कोर्टात जायची मुभा कलम ६२ देतं, त्यामुळे प्रतिवादी दुसऱ्या राज्यात असला तरी पुण्यात दाद मागता येते. ते करण्याइतकं नुकसान झालं आहे का, हा हिशोब वकिलासोबत बसून करा. एका शॉर्टसाठी मी तो कधी केलेला नाही.

भारतीय नियमांतही एक वाट आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार दिली की मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत पावलं उचलायची असतात. पण त्या तक्रारीत आपण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देऊ अशी हमी लिहावी लागते. ती हमी इंटरनेटवरचा नमुना उतरवून स्वतः देऊ नका.

वकील लागतोच अशा आणखी दोन जागा. समोरचाही मूळ फाइल असल्याचं सांगतोय आणि दुसरा कॅमेरा कुणाचा यावर वाद आहे. किंवा प्रत वापरणारी कंपनी आहे आणि तिने आपला व्हिडिओ जाहिरातीत घेतला आहे. दुसऱ्या प्रसंगात तर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावण्याआधीच वकिलाशी बोला, कारण तिथे मोबदला मागता येतो आणि पुरावा जागेवर असलेला बरा. आणि कुणी 'पैसे द्या नाहीतर तुमच्या चॅनेलवर तीन स्ट्राइक टाकतो' असा मेसेज केला, तर ती कॉपीराइटची बाब राहतच नाही, सरळ खंडणी आहे. उत्तर देऊ नका, मेसेज जपून ठेवा, cybercrime.gov.in वर नोंद करा आणि पोलिसांकडे जा.

त्या उलट्या व्हिडिओच्या चॅनेलने प्रतिसूचना दिली नाही. तिन्ही व्हिडिओ गेले. दीड महिन्याने त्यातलाच एक तुकडा दुसऱ्या नावाच्या चॅनेलवर आला, कडा कापून. थेंब कापला गेला होता, पण पुसल्यानंतरचा धुरकट डाग फ्रेमच्या आत राहिला होता. शीट उघडली, जुन्या ओळीतल्या वेळा नव्या ओळीत घेतल्या, अर्ज १५ मिनिटांत गेला.

यंदा शूट करणाऱ्यांसाठी एक राहिलं. चतुर्दशीनंतर लगेच नवरात्राच्या ऑर्डरी सुरू होतात आणि कार्ड रिकामं करायची घाई होते. दोन्ही डिस्कवरच्या फाइल उघडून, शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. माझी एका वर्षीची कॉपी अर्धवट झाली होती आणि ते मला तक्रार भरताना कळलं. त्या व्हिडिओच्या प्रती आजही तिथेच आहेत.